जाहिरातींतील पर्यावरणीय संज्ञा

जाहिरातींतील पर्यावरणीय संज्ञा म्हणजे ‘शाश्वत’, ‘जैवविघटनशील’, ‘कार्बन पदचिन्ह’, ‘नवीकरणीय’ यांसारखे, मुळात विज्ञान आणि अर्थशास्त्रात घडलेले व पुढे वस्तूंच्या वेष्टनांवर, फलकांवर आणि विक्रीच्या मजकुरात रूढ झालेले शब्द होत. शास्त्रात या प्रत्येक संज्ञेला काही अटी जोडलेल्या असतात. जाहिरातीत शब्द तोच राहतो आणि अटी गळून पडतात. त्यामुळे विधान उघडपणे खोटे नसतानाही वाचणाऱ्याच्या मनात चुकीचा समज निर्माण होऊ शकतो. अशा प्रकारच्या दिशाभुलीला इंग्रजीवरून ‘ग्रीनवॉशिंग’ म्हटले जाते. मराठीत तिला ‘हरित मुलामा’ असे म्हणता येते. अमेरिकी पर्यावरण-अभ्यासक जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये हॉटेलांतील टॉवेलांविषयी लिहिताना ही इंग्रजी संज्ञा वापरली. टॉवेल पुन्हा वापरून निसर्ग वाचवा, असे हॉटेले पाहुण्यांना सांगत होती. त्यात हॉटेलांची स्वतःची धुलाईची बचत होती आणि इतर बाबतींत त्यांचे वर्तन बदललेले नव्हते, असा त्यांचा आक्षेप होता.

## संज्ञांचे स्वरूप

या संज्ञांचे समान लक्षण असे की त्या एकट्याने अर्थ पूर्ण करीत नाहीत. संस्कृत आणि मराठी व्याकरणपरंपरेत, ज्या शब्दाला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्या शब्दाची अपेक्षा असते त्याला ‘साकांक्ष’ म्हणतात. ‘त्याने दिले’ एवढे म्हटल्यावर काय दिले आणि कोणाला दिले, हे प्रश्न उरतात. ‘जैवविघटनशील’ म्हटल्यावर त्याचप्रमाणे कोठे, किती काळात आणि कशात विघटन, हे प्रश्न उरतात. ‘कार्बन पदचिन्ह कमी’ म्हटल्यावर कशाच्या तुलनेत कमी आणि काय काय मोजून, हे विचारावे लागते. ‘नवीकरणीय’ म्हटल्यावर वापराचा वेग आणि पुनर्भरणाचा वेग यांची तुलना करावी लागते. शास्त्रीय लेखनात ही उत्तरे शब्दाच्या आसपास दिलेली असतात. जाहिरातीत ती नसतात आणि वाचणारा रिकाम्या जागा आपल्या समजुतीने भरतो. ‘विघटनशील पिशवी’ हे शब्द वाचून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मातीत पडून पावसाळ्याअखेर नाहीशी होणारी पिशवी येते. तसे आश्वासन वेष्टनावर कोठेही छापलेले नसते.

## जैवविघटनशील

### शास्त्रीय अर्थ

जीवाणू, बुरशी आदी सूक्ष्मजीवांनी एखाद्या पदार्थाचे अन्न म्हणून सेवन करून त्याचे साध्या पदार्थांत रूपांतर करणे म्हणजे जैवविघटन होय. हवेच्या सान्निध्यात या क्रियेतून मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सूक्ष्मजीवांच्या पेशी तयार होतात. प्राणवायूचा अभाव असेल तर मिथेनही तयार होतो. पदार्थाचे तुकडे पडणे याला जैवविघटन म्हणत नाहीत. त्याला विखंडन म्हणता येईल. उन्हाने ठिसूळ होऊन भुगा झालेली प्लॅस्टिकची बादली विखंडित झालेली असते, परंतु तिचे जैवविघटन झालेले नसते. तिचे कण मातीत प्लॅस्टिक म्हणूनच राहतात.

‘खतयोग्य’ ही ‘जैवविघटनशील’पेक्षा अधिक नेमकी संज्ञा आहे. ‘जैवविघटनशील’ या शब्दात कालमर्यादा नाही. पुरेसा काळ दिल्यास लाकडी तुळईही जैवविघटनशील ठरते. खतयोग्य पदार्थाचे मात्र खतप्रकल्पाच्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीत आणि खताला अपाय न करता विघटन झाले पाहिजे. भारतात खतयोग्य प्लॅस्टिकसाठी आयएसओ १७०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेले आहे.

### चाचणी

या मानकानुसार पदार्थाची अनेक अंगांनी तपासणी होते. पहिली तपासणी विखंडनाची असते. बारा आठवडे खतात ठेवल्यानंतर ते खत २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक भाग चाळणीवर राहता कामा नये. दुसरी तपासणी प्रत्यक्ष जैवविघटनाची असते. पदार्थ परिपक्व खतात मिसळून सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला, ओलावा आणि हवा राखून बंद पात्रात ठेवतात आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. पदार्थातील कार्बनपैकी किमान ९० टक्के भाग १८० दिवसांच्या आत वायुरूप झाला, हे दाखवावे लागते. त्याशिवाय जड धातूंचे प्रमाण मर्यादेत आहे काय आणि तयार झालेल्या खतात रोपे नीट उगवतात काय, हेही पाहिले जाते.

या चाचणीतून काय सिद्ध होते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १० ग्रॅम वजनाच्या खतयोग्य पिशवीत ६ ग्रॅम कार्बन आहे असे समजू. त्याचे ९० टक्के म्हणजे ५.४ ग्रॅम कार्बन वायुरूप झाला. कार्बनच्या १२ भागांपासून कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग तयार होत असल्याने या वायूचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. ते पिशवीच्या वजनाच्या दुप्पट आहे, कारण वायूतील प्राणवायूचा मोठा भाग हवेतून आलेला असतो. याचा अर्थ असा की चाचणीत यशस्वी ठरलेली पिशवी बव्हंशी हवेत जाते आणि तिच्यातील फारच थोडा अंश खतात उरतो. नत्र, स्फुरद, पालाश ही पोषणद्रव्ये तिच्यात नसल्यासारखीच असतात. म्हणून ‘या पिशवीचे खत होते’ या वाक्यातून पिशवी जमिनीला पोषण देते असा अर्थ काढणे बरोबर नाही. पिशवी खताला बाधा आणत नाही, एवढेच चाचणी सांगते. अशा पिशवीचा खरा उपयोग वेगळा आहे. तिच्यात भरलेला ओला कचरा पिशवीसकट खतप्रकल्पात टाकता येतो.

### पिशवीचा प्रत्यक्ष प्रवास

प्रयोगशाळेतील ५८ अंश तापमान ही या दाव्यामागील कळीची अट होय. मका किंवा ऊस यांपासून बनवलेले पॉलिलॅक्टिक आम्ल हे खतयोग्य पेले व वेष्टने यांसाठी वापरले जाणारे एक प्रमुख प्लॅस्टिक आहे. ५५ ते ६० अंशांच्या खाली ते काचेसारखे कडक असते आणि त्याची रेणुसाखळी तुटण्याची क्रिया अतिशय मंद चालते. मोठ्या खतप्रकल्पातील ढिगांत एवढे तापमान निर्माण होते आणि काही आठवडे टिकते. सज्जातील खतटोपलीत, परसातील लहान खड्ड्यात, नदीच्या पात्रात किंवा समुद्रात ते मिळत नाही. त्यामुळे एकाच पेल्याविषयी ‘खतयोग्य आहे’ आणि ‘घरच्या खड्ड्यात वर्षभरानंतरही जसाच्या तसा सापडला’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

खतप्रकल्पातही अडचणी येतात. ढीग बारा आठवड्यांपेक्षा लवकर उपसला गेला, तर पिशवीचे तुकडे खतात शिल्लक दिसतात. कचरा वेगळा करणाऱ्या कामगारांना खतयोग्य पिशवी आणि साधी पिशवी यांतील फरक हाताला किंवा डोळ्याला कळत नाही. म्हणून ते दोन्ही बाजूला काढतात. ही पिशवी सुक्या कचऱ्यात गेली तर पुनर्चक्रणासाठी गोळा केलेल्या पॉलिथिनमध्ये मिसळून त्याची प्रत बिघडवते. ती कचराभूमीत पोहोचली, तर दाबल्या गेलेल्या थरांत प्राणवायू नसल्याने तिचे विघटन एकतर रखडते किंवा त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा तापवर्धक परिणाम, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो. म्हणजे कचराभूमीत विघटन होणे हा गुण मानण्यासारखा नसून कित्येकदा तो दोषच ठरतो.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी पाच प्रकारच्या पिशव्या मोकळ्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवून तीन वर्षे त्यांचे निरीक्षण केले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या हवेत सर्वच पिशव्यांचे नऊ महिन्यांत तुकडे पडले. ‘जैवविघटनशील’ असा शिक्का असलेली पिशवी मात्र तीन वर्षे मातीत किंवा समुद्रात राहूनही किराणा सामान वाहून नेण्याइतकी मजबूत होती. खतयोग्य पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. मातीत ती सत्तावीस महिन्यांनंतरही होती, फक्त वजन घातल्यावर फाटत होती. पिशव्या त्याच असूनही जागा बदलताच निष्कर्ष बदलला, ही या अभ्यासातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

### ‘ऑक्सो’ प्लॅस्टिक

साध्या पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून ‘ऑक्सो-विघटनशील’ प्लॅस्टिक तयार करतात. ऊन, उष्णता आणि हवा यांमुळे ते लवकर ठिसूळ होते व त्याचे तुकडे पडतात. पुढे हे तुकडे सूक्ष्मजीव खातात, असा उत्पादकांचा दावा असतो. परंतु प्रत्यक्ष परिस्थितीत ते योग्य काळात पूर्णपणे घडते याचा पुरेसा पुरावा युरोपीय संघाला आढळला नाही. त्यामुळे संघाने २०१९ च्या निर्देशानुसार अशा वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली आणि ती जुलै २०२१ पासून अमलात आली. येथे ‘विघटन’ या एका शब्दात विखंडन आणि जैवविघटन या दोन भिन्न क्रिया एकत्र झाल्यामुळे दाव्याला आधार मिळाला होता.

### शब्दाच्या अर्थावरील एक खटला

साध्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्याचे एक द्रव्य विकणाऱ्या ईसीएम बायोफिल्म्स या अमेरिकी कंपनीचा दावा असा होता की त्या द्रव्यामुळे प्लॅस्टिकचे कचराभूमीत नऊ महिने ते पाच वर्षे या काळात जैवविघटन होते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१३ मध्ये या कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली. कोणत्याही अटीविना वापरलेल्या ‘जैवविघटनशील’ शब्दाचा सामान्य ग्राहक काय अर्थ घेतो, हा त्या प्रकरणातील महत्त्वाचा मुद्दा होता. शास्त्रज्ञांच्या व्याख्येत कालमर्यादा नाही, हा बचाव टिकला नाही. ग्राहकांतील लक्षणीय गट या शब्दावरून काही थोड्या वर्षांत पूर्ण विघटन होईल असे समजतो आणि त्या समजुतीला पुरावा नाही, म्हणून दावा दिशाभूल करणारा ठरतो, असा निर्णय आयोगाने २०१५ मध्ये दिला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार, नेहमीच्या रीतीने टाकून दिल्यावर एका वर्षात पूर्ण विघटन होत नसेल, तर त्या वस्तूला अटीविना ‘विघटनशील’ म्हणू नये.

## कार्बन पदचिन्ह

एखादी वस्तू, व्यक्ती किंवा संस्था यांच्यामुळे वातावरणात जाणाऱ्या हरितगृह वायूंची, कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य वजनात केलेली मोजणी म्हणजे कार्बन पदचिन्ह (कार्बन फूटप्रिंट) होय. विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या ‘परिस्थितिकीय पदचिन्ह’ या कल्पनेतून ही संज्ञा पुढे आली. तिच्या लोकप्रियतेत बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातमोहिमेचा मोठा वाटा होता. या कंपनीने २००४ मध्ये व्यक्तींना स्वतःचे पदचिन्ह मोजण्यासाठी गणकयंत्र उपलब्ध करून दिले. या मोहिमेमुळे उत्सर्जनाचा प्रश्न तेल काढणाऱ्याकडून तेल जाळणाऱ्याकडे वळवला गेला, अशी टीका पुढे झाली. मोजणीची पद्धत चुकीची होती असे नव्हे. पदचिन्ह कोणाच्या पायाचे, हे ठरवण्याचा अधिकार जाहिरातदाराने स्वतःकडे घेतला, असा त्या टीकेचा रोख आहे.

या संज्ञेचा अर्थ मोजणीच्या सीमेवर अवलंबून असतो. प्रचलित पद्धतीत संस्थेच्या उत्सर्जनाचे तीन विभाग करतात. स्वतः जाळलेले इंधन पहिल्या विभागात येते आणि विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. कच्चा माल, वाहतूक, ग्राहकाकडून होणारा वापर आणि शेवटची विल्हेवाट हे सर्व तिसऱ्या विभागात मोडते. अनेक वस्तूंच्या बाबतीत तिसरा विभागच सर्वांत मोठा असतो.

अंगाच्या साबणाचे उदाहरण घेऊ. आंघोळीसाठी १५ लिटर पाणी विजेच्या बंबात २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे धरल्यास एका आंघोळीमागे सुमारे २४५ ग्रॅम उत्सर्जन होते. साबणाची १०० ग्रॅमची वडी तीस आंघोळींना पुरली, तर तिच्या वापरकाळातील केवळ पाणी तापवण्याचे उत्सर्जन सात किलोंहून अधिक भरते, म्हणजे वडीच्या वजनाच्या सत्तर पटींहून जास्त. ‘आमचा कारखाना कार्बनमुक्त’ असे वडीच्या वेष्टनावर छापले, तर ते विधान कारखान्यापुरते खरे असू शकते. वेष्टन हातात घेणारा मात्र ते वडीविषयीचे विधान समजतो. चुलीवर किंवा सौरबंबावर पाणी तापवणाऱ्यांचा आणि थंड पाण्याने आंघोळ करणाऱ्यांचा हिशेब अर्थात वेगळा येईल. वस्तूचे पदचिन्ह एका आकड्यात सांगणाऱ्याने वापराची कोणती रीत गृहीत धरली, हे सांगणे म्हणूनच आवश्यक असते.

‘कार्बन-तटस्थ’ या दाव्यात आणखी एक पायरी असते. स्वतःचे उत्सर्जन कमी करण्याऐवजी अन्यत्र झालेल्या वृक्षलागवडीचे किंवा ऊर्जाप्रकल्पाचे ‘कार्बन क्रेडिट’ विकत घेऊन वजाबाकी करता येते. ही वजाबाकी तेव्हाच ग्राह्य ठरते, जेव्हा तो प्रकल्प क्रेडिटच्या पैशाविना उभा राहिला नसता, आणि लावलेली झाडे पुढे तोडली वा जळली नाहीत. उत्सर्जन आज होते. झाड तेवढा कार्बन शोषण्यास कित्येक वर्षे घेते. ‘तटस्थ’ या शब्दात हे कालांतर दिसत नाही.

## नवीकरणीय

वापरल्यानंतर निसर्गात मानवी कालमानाच्या आत पुन्हा भरून निघणाऱ्या साधनांना नवीकरणीय म्हणतात. मराठीत याच अर्थाने ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्दही रूढ आहे. दोन्ही शब्दांत सूक्ष्म भेद आहे. ‘अक्षय’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. सूर्यप्रकाश आणि वारा यांना हा शब्द शोभतो. लाकूड, उसाचे चिपाड किंवा भूजल ही साधने नवीकरणीय असली तरी अक्षय नाहीत. वर्षाला जेवढे लाकूड वाढते त्याहून अधिक तोडल्यास जंगल संपते. महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून वीज तयार करतात. चिपाड दर हंगामात नव्याने मिळते, म्हणून ही वीज नवीकरणीय गणली जाते. ज्या भूजलावर ऊस वाढला त्याची पातळी टिकून आहे काय, हा प्रश्न या गणनेत येत नाही. नवीकरणीयता हा इंधनाचा गुणधर्म आहे. त्यामागील सर्व साधनांचा नव्हे.

जाहिरातींत ‘शंभर टक्के नवीकरणीय ऊर्जेवर चालणारा कारखाना’ हा दावा वारंवार आढळतो. त्याचा अर्थ बहुधा वार्षिक बेरजेपुरता मर्यादित असतो. अहोरात्र १ मेगावॉट वीज वापरणारा कारखाना वर्षाला ८,७६० मेगावॉट-तास वीज वापरतो. तेवढीच सौरवीज वर्षभरात कोठेतरी निर्माण करवून किंवा तेवढी प्रमाणपत्रे घेऊन तो हा दावा करू शकतो. भारतात २०१० पासून अशी प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था असून एक प्रमाणपत्र १ मेगावॉट-तास विजेचे असते. सौरवीज दिवसा निर्माण होते आणि कारखाना रात्रीही चालतो. रात्री साठवणुकीची सोय नसेल, तर तो सर्वसाधारण वीजजाळ्यातून वीज घेतो, आणि भारतातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होते. अशी व्यवस्था निरर्थक नाही. दिवसा तेवढा कोळसा कमी जळतो आणि सौरप्रकल्पाला ग्राहक मिळतो. परंतु ‘कारखाना सौरऊर्जेवर चालतो’ आणि ‘कारखान्याने वर्षाच्या वापराएवढी सौरवीज खरेदी केली’ या दोन वाक्यांत फरक आहे. जाहिरातीत सहसा पहिले वाक्य असते.

## शाश्वत आणि टिकाऊ

‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ मधील ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे जगभर पोहोचली. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागवणारा विकास, असा तिचा आशय आहे. या विचाराचे एक मूळ जर्मन वनव्यवस्थापनात सापडते. सॅक्सनीतील खाणींना लागणारे लाकूड संपत चालल्याने हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी १७१३ च्या ग्रंथात, जंगल टिकेल अशा बेतानेच तोड करावी, असे मांडले. अर्थात मूळ संज्ञेत किती वाढ आणि किती तोड, असा मोजता येण्याजोगा हिशेब अभिप्रेत होता.

मराठी प्रतिशब्दांमुळे या संज्ञेला आणखी काही छटा येऊन मिळाल्या. ‘शाश्वत’ हा शब्द तत्त्वज्ञानात आणि संतसाहित्यात अविनाशी, नित्य अशा अर्थाने आलेला आहे. त्यामुळे तो वस्तूला लागताच तिला नकळत मोठेपण प्राप्त होते. ‘टिकाऊ’ हा दुसरा प्रतिशब्द रोजच्या व्यवहारातील आहे, पण तो दीर्घकाळ न मोडणाऱ्या वस्तूसाठी वापरला जातो. पायतण टिकाऊ असते, तसा प्लॅस्टिकचा पिंपही टिकाऊ असतो. वस्तूच्या टिकण्यातूनच प्लॅस्टिक कचऱ्याचा प्रश्न निर्माण झाला आहे. त्यामुळे मराठी जाहिरातीत ‘टिकाऊ पर्याय’ असे छापले असता वस्तू टिकते की वस्तूमुळे निसर्ग टिकतो, हे संदर्भाविना कळत नाही आणि दोन्ही अर्थांचा लाभ विक्रेत्याला मिळतो. ‘जैवविघटनशील आणि टिकाऊ’ अशी जोडी एकाच वेष्टनावर आढळल्यास तिच्यातील विसंगती या दुहेरी अर्थामुळे झाकली जाते.

वरील चार संज्ञांपैकी ‘शाश्वत’ ही सर्वांत व्यापक आणि म्हणून पडताळण्यास सर्वांत अवघड आहे. जैवविघटनाची चाचणी घेता येते, उत्सर्जन मोजता येते, विजेच्या नोंदी तपासता येतात. एखादा सदरा ‘शाश्वत’ आहे याची एकच अशी चाचणी नाही. कापसाला लागलेले पाणी, रंगाचे सांडपाणी, शिलाई कामगारांचे वेतन आणि सदरा किती वर्षे वापरला जातो, या सर्वांचा त्यात समावेश होऊ शकतो. त्यांपैकी एखादी बाब सुधारली असता संपूर्ण वस्तूला हे विशेषण लावले जाते.

## भारतातील तरतुदी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अंतर्गत स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘शाश्वत’ यांसारखे सर्वसाधारण शब्द पुरेशा स्पष्टीकरणाविना व पुराव्याविना वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूविषयी आहे, केवळ वेष्टनाविषयी आहे की निर्मितीप्रक्रियेविषयी, हे सांगावे लागते. ‘खतयोग्य’, ‘विघटनशील’, ‘नवीकरणीय’ यांसारख्या विशिष्ट दाव्यांना विश्वासार्ह प्रमाणपत्राचा, शास्त्रीय पुराव्याचा किंवा स्वतंत्र पडताळणीचा आधार असावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियमनासाठी असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत.

प्लॅस्टिकसंबंधीच्या नियमांत या शब्दांना थेट आर्थिक मोल आहे. केंद्रीय प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीची किमान जाडी डिसेंबर २०२२ अखेरपासून १२० मायक्रॉन आहे. खतयोग्य प्लॅस्टिकच्या पिशवीला ही अट नाही. साहजिकच ‘खतयोग्य’ हा शब्द छापल्याने पातळ पिशवी विकण्याची वाट मोकळी होते आणि खोट्या शिक्क्याचा मोह निर्माण होतो. त्यावर उपाय म्हणून उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे बंधनकारक आहे. मार्च २०२४ मधील दुरुस्तीने ‘जैवविघटनशील प्लॅस्टिक’च्या व्याख्येत माती, कचराभूमी, गोडे पाणी, समुद्र यांसारख्या विशिष्ट परिस्थितींचा आणि सूक्ष्मप्लॅस्टिक मागे न राहण्याच्या अटीचा समावेश केला. जाहिरातींतून गळालेली ‘कोठे’ ही अट अशा रीतीने कायद्याच्या व्याख्येत आली.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठी लागणाऱ्या खतयोग्य पिशव्यांना तिच्यात सूट होती. २०२२ मध्ये खतयोग्य पदार्थांपासून बनवलेल्या पेले, ताटल्या, चमचे आदी वस्तूंना प्रमाणपत्राच्या अटीवर परवानगी देण्यात आली. बंदीनंतर पत्रावळी आणि द्रोण यांना मागणी आली. परंतु बाजारातील सर्वच पत्रावळी पळसाच्या पानांच्या नसतात. अनेक कागदी पत्रावळींना आतून चकचकीत पातळ प्लॅस्टिकचा थर असतो. ‘पत्रावळ’ या पारंपरिक नावामुळेच ती विघटनशील असल्याचा समज होतो. येथे तर कोणताही दावा छापण्याची गरज पडत नाही.

## दाव्यांची पडताळणी

पर्यावरणीय दावा पडताळताना प्रथम त्याचे पूर्ण वाक्य करून पाहणे उपयुक्त ठरते. ‘जैवविघटनशील’ या शब्दापुढे जागा, तापमान आणि मुदत लिहिता आली पाहिजे. वेष्टनावर केवळ ‘जैवविघटनशील’ असेल आणि मानकाचा क्रमांक नसेल, तर तो दावा अपुरा समजावा. खतयोग्य पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असणे अपेक्षित असते. प्रमाणित उत्पादकांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करते. तिच्याशी हा तपशील ताडून पाहता येतो. ‘उत्सर्जन ३० टक्के कमी’ अशा विधानात कोणत्या वर्षाच्या किंवा कोणत्या वस्तूच्या तुलनेत कमी, आणि प्रतिनग कमी की एकूण कमी, हे पाहावे लागते. प्रतिनग उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटले आणि विक्री दुप्पट झाली, तर एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढलेले असते.

पडताळणीलाही मर्यादा आहेत. प्रमाणपत्र नमुन्याला मिळते; बाजारातील प्रत्येक पिशवी त्या नमुन्याप्रमाणे आहे याची ते हमी देत नाही. पिशवी खरोखर खतयोग्य असली, तरी गावात खतप्रकल्प नसेल तर तिचा गुण वापरात येत नाही. उलटपक्षी, ज्या वस्तूवर काहीच छापलेले नाही ती पर्यावरणास अधिक अपायकारक असते, असेही म्हणता येत नाही. अनेकदा वापरली जाणारी जुन्या साडीची पिशवी किंवा पळसाची पत्रावळ यांच्यावर कोणतीही संज्ञा छापलेली नसते.